घर-संसार : रस्त्याकडची काच

झ्यूडटांगंटेजवळ राहणारी मंडळी विचारतात, झोपायच्या खोलीला कोणती काच बसवावी? आमचे मत असे.

टफन्ड काच (कोटेशनात 'ए.एस.गे.' लिहितात) फुटली तर बोथट तुकडे होतात, हा तिचा फायदा. आवाज ती तेवढ्याच जाडीच्या साध्या काचेइतकाच अडवते. त्यासाठी जादा मार्क, म्हणजे आता युरो, मोजू नयेत!

नेहमीच्या दुहेरी काचेत ४ मि.मी.च्या दोन काचा आणि मध्ये १६ मि.मी. फट असते. थंडीला ती उत्तम, आवाज सुमारे ३२ डेसिबल अडवते. पण दोन्ही काचा सारख्याच असल्याने एकाच आवाजाला दोन्ही थरथरतात, आणि ट्रकची घरघर आत येते. म्हणून दुहेरीच घ्यावी, पण वेगवेगळ्या जाडीची: एक ८ मि.मी.ची लॅमिनेटेड ('फाउ.एस.गे.'), आवाज शोषणाऱ्या फिल्मची, दुसरी ६ ची. मग आकडा ४० च्या आसपास जातो. कानाला आवाज जवळजवळ निम्मा वाटतो.

त्याआधी खिडकीत कागदाची पट्टी धरून ती बंद करा. पट्टी सहज ओढली गेली तर रबर गेले आहे; नवी काचही तिथे हरेल. आणि भाड्याच्या घरात खिडकी घरमालकाची, तेव्हा आधी त्याची लेखी संमती घ्यावी.