सोन्याची अग्निपरीक्षा आणि क्ष-किरणांची कसोटी

विजयादशमीस कोल्हापूरच्या दसरा चौकात आपट्याचे सोने लुटले जाते. त्याचा कस कोणी पाहत नाही. गुजरीतल्या सोन्याचा मात्र पाहावा लागतो. जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. तरी आजीच्या पेटीतील साजावर असा शिक्का कोठून असणार?

समजा, कळंब्यातील एका घरी असा जुना साज मोडावयाचा आहे. सराफ पिस्तुलासारखे यंत्र पानावर टेकवितो आणि काही क्षणांत ९१६ हा आकडा दाखवितो. क्ष-किरण धातूवर पडले की प्रत्येक धातू आपापले किरण परत देतो. त्यांच्या प्रमाणावरून यंत्र कस सांगते. दागिना कापावा लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. परंतु त्याची नजर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापलीकडे सहसा जात नाही. वरचा मुलामा किंवा आम्लात उजळताना तांबे निघून गेल्याने श्रीमंत झालेला पृष्ठभाग त्याला फसवितो. पृष्ठभाग स्वच्छ व सपाट असला तरी हजारी दोन ते पाच भागांची चूक आम्ही गृहीत धरतो. शिवाय साजाच्या पोटात लाख असते. यंत्र कस सांगते, निव्वळ सोन्याचे वजन नव्हे.

लाख काढून तोच साज मुशीत आटविला की डाकही त्यात मिसळतो. त्या लगडीचे २५० मिलिग्रॅम कापून अग्निपरीक्षेस द्यावेत. परीक्षक त्यात सोन्याच्या सुमारे अडीचपट शुद्ध चांदी घालतो, ते शिशाच्या पत्र्यात गुंडाळतो आणि सच्छिद्र वाटीत ठेवून हजार अंशांहून अधिक तापलेल्या भट्टीत सरकवितो. शिसे व तांबे भस्म होऊन वाटीत मुरतात. सोने-चांदीचा मणी उरतो. तो ठोकून, लाटून, गुंडाळी करून नत्राम्लात उकळला की चांदी विरघळते. चांदी कमी घातली तर आम्ल आत पोहोचत नाही, काही चांदी सोन्यातच अडकते व कस खोटाच वाढतो. म्हणून शुद्ध सोन्याचा नमुनाही शेजारी त्याच भट्टीत ठेवतात आणि त्यात दिसणारी चूक हिशेबात घेतात. ही दुरुस्ती करून गुंडाळी २२९ मिलिग्रॅम भरली तर कस ९१६. २२४ भरली तर ८९६. यंत्राने वरून पाहिलेला आणि आटविल्यावरचा आकडा यांत असे वीस भागांचे अंतर केवळ डाकामुळेही पडू शकते, त्यात सराफाची लबाडी असेलच असे नाही. जोडीच्या नमुन्यांत हजारी अर्ध्या भागाहून अधिक फरक निघाला तर परीक्षा पुन्हा करावी लागते, इतकी ही रीत काटेकोर आहे.

तरी अग्नीसही एक गोष्ट दिसत नाही. इरिडियम आम्लात विरघळत नाही, ते सोन्याबरोबर तोलले जाते. ते क्ष-किरणांनी ओळखता येते. म्हणूनच हॉलमार्क केंद्रात आधी किरणांनी माल चाचपतात आणि मग निवडक नमुना भट्टीत घालतात. कळंब्याच्या त्या घराने यंत्राचा आकडा अंदाजापुरता घ्यावा. साज मोडण्याचे नक्की झालेच, तर तो समोर आटवून लगडीचाच कस काढून घ्यावा.