६४ जीबीचे कार्ड ५९ दाखवते, तर ते फसवत नाही. मग फसवणारे मेमरी कार्ड ओळखायचे कसे?

मेमरी कार्डाबद्दलची सर्वात नेहमीची तक्रार ही चुकीच्या कार्डाबद्दल असते. पाकिटावर ६४ जीबी लिहिलेले असते, लॅपटॉपला लावल्यावर ५९.६ जीबी दिसते आणि ग्राहक दुकानदाराशी वाद घालायला जातो. त्याच वेळी दुसरा ग्राहक निम्म्याहून कमी किमतीत मिळालेले ५१२ जीबीचे कार्ड फोनमध्ये घालतो, फोन ‘५१२ जीबी’ दाखवतो आणि तो निश्चिंत होतो. खरे तर काळजी या दुसऱ्याने करायला हवी. बनावट कार्ड बहुतेक वेळा आकडा कमी दाखवत नाही. तो तंतोतंत दाखवण्यासाठीच ते बनवलेले असते.

मग ४ जीबी गेले कुठे?

कुठेही गेले नाहीत. कार्ड बनवणारी कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट असे धरते. त्या हिशेबाने ६४ जीबी म्हणजे ६,४०० कोटी बाइट, आणि तेवढी जागा कार्डात असते. विंडोज मात्र १,०२४ च्या पटीत मोजते. १,०२४ ला १,०२४ ने आणि पुन्हा १,०२४ ने गुणले की सुमारे १०७.३७ कोटी होतात. विंडोजच्या लेखी १ जीबी एवढा मोठा. ६,४०० कोटींना त्याने भागा, उत्तर ५९.६ येते. जागा तीच, मोजायचे माप वेगळे. नव्या अँड्रॉइड फोनमध्ये आणि मॅकवर दशमान माप वापरले जात असल्याने तेच कार्ड तिथे ६४ च्या जवळ दिसते.

लक्षात ठेवायला सोपा हिशेब असा, की पाकिटावरच्या आकड्याला ०.९३ ने गुणायचे. १२८ चे सुमारे ११९ होतात, २५६ चे २३८. फॉरमॅटसाठी थोडी जागा जाते, त्यामुळे याहून एखादा जीबी कमी दिसला तरी बिघडत नाही. पाकिटाच्या मागे अगदी बारीक अक्षरांत हे लिहिलेलेही असते. ते वाचायला भिंग लागावे, ही मात्र कंपन्यांचीच कृपा.

आकडा फारच कमी, म्हणजे ६४ ऐवजी २५६ एमबी वगैरे दिसत असेल, तर कार्ड आधी रास्पबेरी पाय किंवा तशाच एखाद्या उपकरणात वापरले होते का, ते आठवा. तिथे कार्डाचे तुकडे पाडलेले असतात आणि विंडोज त्यातला एकच दाखवते. आतला डेटा नको असेल, तर एसडी असोसिएशनच्या SD Memory Card Formatter या मोफत साधनाने फॉरमॅट केल्यावर पूर्ण जागा परत दिसते.

खोटे कार्ड खोटे कसे बोलते?

प्रत्येक कार्डात साठवणुकीच्या चिपबरोबर एक छोटा कंट्रोलर असतो. ‘तुझी क्षमता किती?’ हा प्रश्न फोन या कंट्रोलरला विचारतो आणि त्याचे उत्तर खरे मानतो. बनावट कार्डात १६ किंवा ३२ जीबीची चिप असते, पण कंट्रोलरला १२८ किंवा ५१२ सांगायला शिकवलेले असते. फोनच्या सेटिंगमध्ये दिसणारा आकडा हा असा कार्डाने स्वतःच दिलेला जबाब असतो. तो पुरावा ठरत नाही.

खरी जागा संपल्यावर काय होते, ते एका लग्नावरून पाहू. समजा, ‘१२८ जीबी’च्या कार्डात प्रत्यक्ष १६ जीबीच आहेत आणि फोन फुल एचडी व्हिडीओ मिनिटाला साधारण १३० एमबी या वेगाने साठवतो. म्हणजे तासाला जेमतेम ८ जीबी. हळद आणि सीमांतपूजन या दोन तासांतच कार्ड खऱ्या अर्थाने भरले. पण फोनच्या हिशेबी अजून ११० जीबी शिल्लक आहेत. मंगलाष्टके, सप्तपदी, पाठवणी असे सगळे तो घेत राहतो. कुठेही सूचना येत नाही.

यापुढे दोन शक्यता असतात. काही कार्डे पुढचा डेटा स्वीकारल्याचे नाटक करून सोडून देतात, काही तो पुन्हा पहिल्या जागेपासून लिहू लागतात. पहिल्या प्रकारात सप्तपदी जाते. दुसऱ्यात सप्तपदी हळदीवर लिहिली जाते आणि दोन्ही हातच्या जातात. कधी फायलींची यादीच खराब होऊन ‘कार्ड फॉरमॅट करा’ असा संदेश येतो. त्या रात्री गॅलरी उघडली, तर बहुधा सगळे ठीकच दिसते. फाइलचे नाव आणि आकार यादीत असतो आणि छोटे चित्र फोन स्वतःच्या मेमरीतून दाखवतो. व्हिडीओ चालवायला गेल्यावरच तो उघडत नाही हे कळते. जे कधी लिहिलेच गेले नाही, ते कोणतेही रिकव्हरी सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. त्यासाठी पैसे मोजू नयेत.

पाकीट पाहून काय कळते?

थोडेच, पण एक खूण मोलाची आहे. एसडी कार्डाच्या नियमांनुसार २ जीबीच्या वरची आणि ३२ जीबीपर्यंतची कार्डे एसडीएचसी, त्यापुढे २ टीबीपर्यंतची एसडीएक्ससी. त्यामुळे १२८ जीबीच्या कार्डावर ‘एचसी’ची खूण छापलेली असेल, तर पुढे काही तपासायची गरज नाही. छपाई पुसट असणे, नावात एखादे अक्षर चुकलेले असणे, त्याच क्षमतेच्या इतर कार्डांच्या निम्म्याहून कमी किंमत असणे हे संशयाला पुरेसे. पण चांगली छपाई बनावट माल करणाऱ्यांनाही जमते, म्हणून सुबक पाकीट हा निर्दोषपणाचा दाखला मानता येत नाही. ऑनलाइन खरेदीत नामांकित ब्रँडच्या एकाच पानावर अनेक विक्रेते असतात. ब्रँडचे नाव पाहण्याइतकेच ‘विक्रेता कोण’ ही ओळ पाहणे गरजेचे आहे.

तपासायचे कसे, आणि धोका कुठे?

खात्रीचा मार्ग एकच आहे: कार्ड काठोकाठ भरायचे आणि भरलेले सगळे परत वाचून पाहायचे. विंडोजसाठी H2testw हे जुने, छोटे आणि मोफत साधन आहे. जर्मनीतल्या एका संगणक नियतकालिकासाठी ते लिहिले गेले. ते प्रकाशकाच्या heise.de या संकेतस्थळावरूनच घ्यावे. लिनक्स आणि मॅकवर F3 वापरतात.

एकच फोटो हजार वेळा कॉपी करून ही चाचणी होत नाही, हे इथे सांगायला हवे. कार्ड जुन्याच जागेवर पुन्हा लिहीत असेल, तरी तिथे तोच फोटो सापडेल आणि सारे आलबेल वाटेल. ही साधने प्रत्येक जागी वेगळी माहिती लिहितात, त्यामुळे वाचताना एक जागा दुसरीचे सोंग घेऊ शकत नाही.

धोका मात्र खरा आहे. ही साधने फक्त रिकाम्या जागेत लिहितात, जुन्या फायलींना हात लावत नाहीत, असे अनेक ठिकाणी सांगितले जाते. अस्सल कार्डाबाबत ते बरोबर आहे. बनावट कार्डात ‘रिकामी’ जागा ही प्रत्यक्षात तुमच्या जुन्या फोटोंचीच जागा असू शकते आणि चाचणीच ते पुसून टाकेल. म्हणून वापरात असलेल्या कार्डाचा संशय आला, तर त्यात नवे काही साठवणे लगेच थांबवा. सगळ्या फायली संगणकावर उतरवा, त्यातल्या काही, विशेषतः सर्वात जुन्या आणि सर्वात नव्या, उघडून पाहा आणि मगच कार्ड फॉरमॅट करून चाचणी घ्या. F3 मधील f3probe ही झटपट चाचणी `--destructive` या पर्यायासह चालवली, तर ती कार्डावरचा डेटा जपत नाही. घाईत चुकीच्या ड्राइव्हचे नाव दिले, तर संगणकाची हार्ड डिस्कच पणाला लागते. सवय नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नये.

H2testw मध्ये आधी English निवडा, ‘Select target’ वर कार्डाचा ड्राइव्ह द्या, ‘all available space’ तसेच ठेवा आणि ‘Write + Verify’ दाबा. १२८ जीबीच्या कार्डावर सेकंदाला २० एमबी वेगाने लिहायलाच पावणेदोन तासांच्या आसपास लागतात, वाचायला आणखी वेळ. रात्री जेवणाआधी लावून ठेवावे. लॅपटॉप झोपणार नाही, एवढी सेटिंग मात्र पाहा. F3 साठी कार्डाचा मार्ग आपल्या संगणकाप्रमाणे बदलून या दोन ओळी द्याव्या लागतात:

```
f3write /media/user/CARD
f3read /media/user/CARD
```

कार्ड ठीक असेल, तर H2testw शेवटी ‘Test finished without errors’ म्हणते. लग्नातल्या त्या १६ जीबीवाल्या कार्डाचा निकाल साधारण असा दिसेल:

```
The media is likely to be defective.
14.6 GByte OK
104.5 GByte DATA LOST
```

पहिला आकडा म्हणजे कार्डाची खरी जागा. १४.६ ही १६ जीबीच्या चिपची नेहमीची खूण आहे. याउलट, चुका अधूनमधून आणि तुरळक येत असतील, तर कार्ड बनावट ठरवण्याआधी दुसऱ्या रीडरमध्ये चाचणी करा. स्वस्त रीडरही चुका करतात. आणि निकाल चांगला आला म्हणजे जागा खरी आहे, एवढेच सिद्ध होते. कार्ड किती वर्षे टिकेल, हे त्यातून कळत नाही.

बनावट निघाले तर?

निकालाचा स्क्रीनशॉट, बिल आणि कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो जपा. ऑनलाइन खरेदी असेल, तर परताव्याची मुदत उलटायच्या आत तक्रार करा. म्हणूनच चाचणी कार्ड हातात आल्याच्या पहिल्या दिवशी करायची, पहिले फोटो साठवून झाल्यावर नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण देणे अपेक्षित आहे. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. खरे पाहता ही दोन-तीन तासांची चाचणी ग्राहकाच्या गळ्यात पडायलाच नको होती. ज्या विक्रेत्याची किंमत इतरांच्या निम्म्याहून कमी आहे, त्याचे एक कार्ड विकत घेऊन रात्रभर तपासणे कोणत्याही मोठ्या विक्री मंचाला अवघड नाही. तरीही एका विक्रेत्याचे नाव काढले, की तोच माल दुसऱ्या नावाने परततो.

‘खऱ्या १४ जीबीपुरते कार्ड वापरू’ असा मोह होतो. f3fix हे साधन कार्डाला तेवढीच जागा दाखवायला लावूही शकते. पण ज्याने क्षमता खोटी छापली, त्याने आतली चिप चांगल्या प्रतीची घातली असेल, असे मानायला आधार नाही. तक्रार मिटेपर्यंत कार्ड पुरावा म्हणून ठेवा. पैसे परत मिळाले आणि कार्ड तुमच्याकडेच राहिले, तर ते कात्रीने कापून ई-कचऱ्यात द्या. नाहीतर दोन वर्षांनी घरातलेच कुणी ड्रॉवरमधून काढून ते सहलीला नेईल.