एच७ वरचा उंट : द्यावा की राखावा?

बुद्धिबळात किल्लेकोट केलेल्या राजापुढचे एच७ चे प्यादे उंटाने मारून शह देण्याचा मोह अनेकांना होतो. उंट जातो, बदल्यात एकच प्यादे मिळते. पुढे मात नसेल, तर डाव हातचा गेला. म्हणून मारण्याआधी काय तपासायचे, ते सतराव्या शतकातील इटालियन खेळाडू जोआकिनो ग्रेको याच्या नावे चालत आलेल्या डावात पाहू. पट मांडून सोबत खेळा.

चाली अशा : ई४, ई६, डी४, घोडा एफ६, उंट डी३, घोडा सी६, घोडा एफ३, उंट ई७, एच४, किल्लेकोट, ई५, घोडा डी५.

ई५ च्या प्याद्याने एफ६ चा घोडा हुसकला, म्हणजे एच७ चा पहारेकरी गेला. आता उंटाने एच७ मारून शह. राजाने उंट मारला की घोडा जी५ वर, पुन्हा शह. आपला हिशेब इथून सुरू होतो. काळ्याची मुख्य उत्तरे चार आहेत आणि चारही तपासली पाहिजेत.

राजा जी८ वर परतला, तर वजीर एच५. एच७ वर मात येते. घोडा मारूनच ती टळते, म्हणजे खालचा शेवटचा प्रकार होतो.

राजा एच६ वर आला, तर घोड्याने एफ७ चे प्यादे मारायचे. घोडा आणि सी१ चा उंट असा दुहेरी शह बसतो, मग काळा वजीर मिळतो.

राजा जी६ वर आला, तर एच५ ने शह. तो एफ५ वर गेला की जी४ प्याद्यानेच मात. एच६ वर गेला, तर पुन्हा एफ७ वर तोच दुहेरी शह.

उंटाने घोडा मारला, तर आपले एच प्यादे तो उंट मारते आणि हत्तीची वाट उघडून शह लागतो. राजा जी८ वर गेला की वजीर एच५. काळा एफ५ खेळून राजाला वाट करतो, तर जी६ ने ती बंद होते आणि एच८ वर मात. राजा जी६ वर आला, तर वजीर एच५ शह, राजा एफ५, वजीर एच३ शह. मग राजा जी६ वर परतला तर एच७ वर, ई४ वर गेला तर डी३ वर मात.

आता एच प्यादे एच२ वरच आहे असे समजा. उंटाने घोडा मारल्यावर आपला उंट परत मारेल, पण हत्तीची वाट उघडणार नाही. वरची मात नाहीशी झाली, हिशेब नव्याने करावा लागेल. तसेच काळ्याचा घोडा डी७ वर आणि हत्ती ई८ वर असेल, तर घोडा एफ८ वर येऊन एच७ राखतो.

म्हणून उंट उचलण्याआधी चारही उत्तरे शेवटपर्यंत मोजा. एकाचे उत्तर सापडले नाही, तर उंट डी३ वरच राहू द्या.