‘एकच मॅच’ आणि सकाळचे सहा

नववीतला मुलगा रात्री दहा वाजता ‘एकच मॅच’ म्हणतो, तेव्हा तो बहुधा खोटे बोलत नसतो. गोम खेळाच्या रचनेत असते. बीजीएमआयसारख्या खेळात सुमारे शंभर खेळाडू एका नकाशावर उतरतात, बहुधा चौघाचौघांच्या पथकांनी. शेवटपर्यंत टिकलेल्या पथकाचा सामना अर्ध्या तासाच्या आसपास चालतो आणि तो मध्येच थांबवून ठेवता येत नाही. आईने ‘आत्ताच्या आत्ता बंद कर’ म्हटले, तर उरलेले तिघे तोकडे पडतात, आणि ते तिघे वर्गमित्रच असतात. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याला जाब द्यावा लागतो. घरात जो उद्धटपणा दिसतो, त्यात मित्रांना दिलेला शब्दही असतो.

आता हिशेब मांडून पाहावा. पहिल्या सामन्यात मुलगा आठव्याच मिनिटाला बाद होतो. मित्रांचा खेळ पाहत बसतो. साडेदहा होतात. आपली मॅच झालीच नाही, या भावनेने दुसरी सुरू होते, ती अकराला संपते. अंथरुणावर पडले तरी शेवटच्या चकमकीची धडधड लगेच शमत नाही. झोप लागते पावणेबाराला, गजर होतो सहाला. सव्वासहा तास! या वयाला आठ ते दहा तास लागतात. पाच रात्रींत किमान पावणेनऊ तासांची तूट पडते. ती रविवारी अकरापर्यंत झोपून भरली, की रविवारी रात्री झोपच येत नाही. वयात येताना झोपेची वेळ निसर्गतःच पुढे सरकते. खेळ तिला आणखी पुढे ढकलतो. म्हणूनच सोमवारी पहिल्या तासाला गणित डोक्यात शिरत नाही. अभ्यासाला बसण्याचे तास तेवढेच दिसतात, त्यांतले हाती लागणारे मात्र घटते.

बीजीएमआय २०२३ मध्ये भारतात परतला, तेव्हा अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली गेली. खाते मोठ्यांच्या नावावर असले की ती निरुपयोगी. शिवाय इथे सारा खेळ एका तासाचाच आहे. प्रश्न तो कोणत्या तासाचा, हा आहे.

म्हणून मिनिटांऐवजी सामने मोजावेत. शाळेच्या दिवसांत दोन, आणि दुसरा साडेसातनंतर सुरू करायचा नाही. मात्र एकाच घराने हे ठरवले तर मुलगा पथकाबाहेर पडतो, आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी ती शिक्षा फार मोठी असते. चार घरांतल्या आयांनी एकमेकींना फोन करून वेळ एकच ठेवली, तर कोणालाच मित्र सोडावे लागत नाहीत. पथकातला एखादा परगावचा, नाव-गाव माहीत नसलेला असेल, तर तो कोण, हे याच फोनांत कळते.