पोलीस भरती : फॉर्म भरताना आकड्यांपेक्षा तारखांकडे बघा

पोलीस भरतीची चर्चा सुरू झाली की गावागावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच फोटो फिरतो. त्यात जागांचा मोठा आकडा, शिक्षण बारावी पास आणि शेवटची तारीख, एवढंच असतं. त्या फोटोवर विसंबून पोरं-पोरी थेट सायबर कॅफे गाठतात. पुढे मैदान मारलं, लेखी निघाली, तरी कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर नाव कटू शकतं. कारण त्या फोटोत न आलेली एखादी तारीख. मूळ जाहिरात अनेक पानांची पीडीएफ असते आणि खरा खेळ त्या पानांत असतो.

आधी जाहिरात कुठे शोधायची ते पाहू. "शेवटी gov.in असेल तरच साईट खरी" असं पोरांना सांगितलं जातं. ते अर्धंच बरोबर आहे. राज्य पोलिसांची साईट mahapolice.gov.in ही आहे, पण गेल्या काही भरत्यांचे अर्ज mahait.org वर भरून घेतले गेले. म्हणजे पत्त्यात gov.in नसलं तरी साईट खरी असू शकते. उलट, हुबेहूब दिसणारी साईट खोटीही असू शकते. म्हणून रस्ता एकच ठेवायचा. आधी खात्याच्या gov.in साईटवर जायचं आणि तिथल्या लिंकवरूनच फॉर्मच्या पानावर उतरायचं. ग्रुपवर आलेल्या लिंकवरून पैसे भरायचे नाहीत.

आता वयाचं. पोलीस शिपाई पदाला खुल्या प्रवर्गासाठी १८ ते २८ आणि मागासवर्गीयांसाठी ३३ वर्षांपर्यंत वय चालतं. चालक पदाला सुरुवात १९ पासून होते. राज्य राखीव दलाच्या सशस्त्र शिपायाला मर्यादा आणखी कमी आहे, खुल्याला २५ आणि मागासवर्गीयांना ३०. तिन्ही पदांची भरती एकाच वेळी निघते, त्यामुळे घरोघरी घोटाळा होतो. २७ वर्षांचा खुल्या प्रवर्गातला मुलगा शिपायाला चालतो, पण राखीव दलाला बाद होतो. शिवाय शिपायाचे ३८ आणि ४३ हे आकडेही कुणीतरी सांगत असतं. ते तलाठी, लिपिक अशा इतर पदांच्या सर्वसाधारण वयोमर्यादेचे आहेत. पोलिसाला ते लागू नाहीत.

त्याहून नाजूक प्रश्न म्हणजे हे वय कोणत्या दिवशीचं धरायचं? फॉर्म भरला त्या दिवशीचं नव्हे, परीक्षेच्या दिवशीचंही नव्हे. जाहिरातीत त्यासाठी एक ठरावीक तारीख लिहिलेली असते. २०२४ च्या भरतीचंच बघा. अर्ज ५ मार्चला सुरू झाले, शेवटची तारीख ३१ मार्च होती आणि ती वाढून १५ एप्रिल झाली. आता समजा, एक ओबीसी मुलगी १२ एप्रिल १९९१ ची आहे. वय ३१ मार्च २०२४ ला मोजलं तर तिला ३२ वर्षे ११ महिने आणि १९ दिवस होतात, म्हणजे ती बसते. तेच १५ एप्रिलला मोजलं तर ३३ वर्षे ३ दिवस होतात आणि ती बाहेर जाते. मुलगी तीच, भरती तीच, फरक फक्त पंधरा दिवसांचा. मुदतवाढ झाली म्हणजे वय मोजायची तारीखही आपोआप पुढे गेली, असं समजू नये. ती बदलायची असेल तर शुद्धिपत्रकात तसं लिहावं लागतं, नसेल तर मूळ जाहिरातीतलीच तारीख धरायची. जाहिरातीचा फोटो हजार ग्रुपवर जातो, शुद्धिपत्रक मात्र साईटच्या एका कोपऱ्यात पडून राहतं. खरं तर मुदतवाढीच्या प्रत्येक सूचनेत "वयाची तारीख तीच राहील" किंवा "बदलली" हे एक वाक्य ठळक लिहायला हवं. उमेदवाराला अंदाज बांधायला लावणं बरोबर नाही.

वयात सूटही मिळते, पण ती ज्या त्या भरतीपुरती असते. ३ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने सरळसेवा भरतीत दोन वर्षांची शिथिलता दिली होती, ती ३१ डिसेंबर २०२३ पर्यंतच्या जाहिरातींपुरती. "मागच्या वेळी चालवून घेतलं होतं" हा आधार पुढच्या जाहिरातीत चालत नाही.

सगळ्यात जास्त घात होतो तो नॉन क्रिमीलेअरच्या कागदाने. ओबीसी, भटके विमुक्त, विशेष मागास प्रवर्ग आणि एसईबीसी यांना तो लागतो, एससी-एसटीला लागत नाही. या दाखल्याची मुदत आर्थिक वर्षाच्या हिशोबाने ३१ मार्चला संपते, एका वर्षाचा असो की तीन वर्षांचा. आणि भरतीची मुदत नेमकी मार्च-एप्रिलच्या सांध्यावर आली की गोंधळ सुरू. आपल्या मुलीचा दाखला ३१ मार्च २०२४ पर्यंतच वैध आहे आणि तिने फॉर्म ८ एप्रिलला भरला असं धरा. फॉर्ममध्ये दाखल्याचा क्रमांक आणि दिनांक टाकायचा रकाना असतो. तिने जुनाच क्रमांक टाकला, फॉर्म सबमिट झाला, पैसे कटले. संगणकाने अडवलं नाही म्हणजे सगळं ठीक, असं तिला वाटतं. पण पडताळणीला बसलेला कर्मचारी दाखल्यावरची मुदत वाचतो. मग ती नवा दाखला काढून आणते, तर त्यावरची तारीख अर्जाच्या शेवटच्या दिवसानंतरची निघते. दाखला कोणत्या तारखेपर्यंत काढलेला हवा, हे जाहिरातीत लिहिलेलं असतं आणि पडताळणीत तेच बघतात.

हा दाखला एका दिवसात निघत नाही. तीन वर्षांच्या उत्पन्नाचा तहसीलचा दाखला, जातीचा दाखला, मग सेतूवर अर्ज आणि त्यावर अधिकाऱ्याची सही. मार्चअखेरीला सेतूवर गर्दी आणि सर्व्हर डाऊन हे तर ठरलेलंच. त्यामुळे जाहिरातीची वाट न बघता एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच नवीन दाखल्याचा अर्ज टाकणं शहाणपणाचं. खुल्या प्रवर्गातल्या महिलांना मात्र महिला आरक्षणासाठी नॉन क्रिमीलेअरची अट मे २०२३ मध्येच काढली आहे. तरीही काही सेंटरवाले अजून त्यासाठी पैसे घेतात, तेवढं लक्षात असू द्या.

परीक्षेच्या वेळापत्रकाचं गणित वेगळं आहे. आधी मैदान ५० गुणांचं. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांना १०० मीटर आणि गोळाफेक. त्यात निम्मे गुण पडले तरच पुढचा विचार, आणि जागेच्या दहापट उमेदवारच १०० गुणांच्या लेखीला बोलावले जातात. मैदानाची तारीख प्रत्येक जिल्हा आपापली ठरवतो. एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करता येतो, पण शिपाई एका जिल्ह्यात आणि चालक दुसऱ्या जिल्ह्यात असं चालतं. मग दोन्हीकडचं मैदान एकाच दिवशी येऊ शकतं. २०२४ मध्ये १९ जूनला, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर मैदान सुरू झालं, तेव्हा हा प्रश्न आला होता आणि अशा उमेदवारांना दुसरी तारीख देण्याचं सरकारने सांगितलं होतं. पण ती आपोआप मिळत नाही. दोन्ही हॉलतिकिटांची प्रिंट घेऊन संबंधित पोलीस अधीक्षक कार्यालयात लेखी अर्ज द्यावा लागतो आणि पोच घ्यावी लागते. हॉलतिकीट आल्याचा मेसेज फॉर्ममध्ये दिलेल्या मोबाईल नंबरवर येतो, आणि खूप जणांनी तिथे सायबर कॅफेवाल्याचा नंबर टाकलेला असतो.