दहावं घर

पत्रिकांबद्दल मी या सदरात पूर्वीही लिहिलंय. लग्नाच्या पत्रिकेतली निमंत्रकांची भली मोठी यादी, हॉलचा पत्ता मात्र मुंगीच्या अक्षरात, यावर माझा जीव किती जळतो ते नेहमीच्या वाचकांना माहीत आहे. या आठवड्यात तो विषय आमच्या घरातच उगवला. भाच्याने बदलापूरला घर घेतलं. रविवारी, २२ फेब्रुवारीला वास्तुशांत आहे. हल्लीच्या पद्धतीप्रमाणे त्याने निमंत्रणाचा व्हिडिओ करायला दिला आणि तयार झालेला मला पाठवला. "मावशी, एकदा बघ आणि सांग," म्हणाला.

मी बघितला. एक मिनिट बावन्न सेकंद. आधी गणपती फिरत फिरत मोठा होतो, मग श्लोक, मग दारं उघडतात, मग फुलांचा पाऊस. मग भारदस्त आवाजात 'स्वप्नांच्या घरट्याला आपल्या आशीर्वादाची सोनेरी किनार'. मग सतरा निमंत्रकांची नावं. वेळ दिली होती 'शुभमुहूर्त सकाळी ९ वाजून १० मिनिटे'. पत्ता शेवटच्या तीन सेकंदांत, मरून रंगावर बारीक सोनेरी अक्षरांत, आणि तो वाचेपर्यंत पडदा काळा. मला राग आला तो भाच्याचा नाही. व्हिडिओ बनवणाऱ्याकडे तयार साचे असतात, त्यात नावं आणि तारीख बदलून मिळते. पण हे घर कुणाचं आहे, याचा त्या दोन मिनिटांत कुठे मागमूस नव्हता. शेजारच्या इमारतीतल्या कुणाचंही नाव घातलं असतं तरी चाललं असतं.

त्याला म्हटलं, घरी ये, आपण पुन्हा लिहू. तो आला, ताईलाही घेऊन आला.

ताईचं सांगायलाच हवं, कारण त्या संध्याकाळी निमंत्रण राहिलं बाजूला आणि आम्ही तिच्या खोक्यांवरच बोलत बसलो. भावजी गेले तेव्हा हा शाळेतसुद्धा जात नव्हता. तेव्हापासून ताई भाड्याने राहिली. अकरा महिन्यांचा करार, तो संपला की मालकाची मर्जी. कधी मुलाचं लग्न ठरलं म्हणून जागा हवी, कधी भाडं एकदम वाढवलेलं. नऊ घरं झाली. डोंबिवलीत तीन, कल्याणला दोन, मग अंबरनाथ, अशी ती गाडीच्या मार्गाने पुढे पुढे सरकत गेली. प्रत्येक घरात कपाटावर रिकामी खोकी रचलेली असायची, सपाट करून, सुतळीने बांधून. त्यांवर तिच्या अक्षरात निळ्या स्केचपेनने लिहिलेलं: 'देव', 'डबे', 'शाळा'. 'शाळा' खोडून पुढे 'कॉलेज' झालं. 'देव'चं खोकं इतक्यांदा चिकटवलं होतं की पुठ्ठ्यापेक्षा चिकटपट्टीच जास्त. मी एकदा म्हटलं होतं, अगं टाक ना ती, लागली की नवी मिळतील. ती म्हणाली होती, "लागतात तेव्हा आठ दिवसांत लागतात."

बोलता बोलता भाचा सहज म्हणाला, परवा आईने खोकी रद्दीवाल्याला दिली. ताई नुसती मान हलवून चहा पीत राहिली. मी कागद पुढे ओढला. घरटं, किनार, आशीर्वाद हे सगळं खोडलं आणि वर लिहिलं: नऊ घरं, दहावं आमचं, खोकी रद्दीत. बाकी मजकूर व्यवहाराचा असला तरी चालेल, एवढी ऊब पुरे आहे.

आता व्यवहार. सावकाश, कळेल असं मराठी बोललं तर सेकंदाला साधारण दोन शब्द बसतात. चाळीस सेकंदांच्या वर माणूस निमंत्रण बघत नाही, पुढे सरकवतो. म्हणजे हातात ऐंशी शब्द. त्यातले दहा पाटी बदलताना आणि श्वासात जातात. भाच्याचा मजकूर एकशे नव्वद शब्दांचा होता.

पहिली मोठी चूक वेळेची. ९ वाजून १० मिनिटं हा मुहूर्त गुरुजींसाठी आहे. पुण्याहवाचन, ग्रहमख, वास्तुमंडलाची पूजा, होम, मग आग्नेयेला वास्तुपुरुषाची प्रतिमा पुरणं, यात तीन-साडेतीन तास सहज जातात. दोन खोल्यांच्या घरात होमाचा धूर भरलेला असताना गिरगावातून पहाटे निघालेली माणसं नऊला दारात आली, तर त्यांना बसवायचं कुठे? आणि जेवणाची वेळ लिहिलेली नसेल, तर अर्धी मंडळी दहाला येतात, प्रसाद घेऊन साडेदहाला निघतात. म्हणून मुहूर्त व्हिडिओतून काढला. पाहुण्यांनी यायची वेळ आणि जेवणाची वेळ, एवढंच ठेवलं. मुहूर्ताला ज्यांनी हजर असावं अशी चार-पाचच घरची माणसं असतात, त्यांना फोन करायचा.

दुसरी चूक फोनची. खाली भाच्याचाच नंबर होता. तो यजमान, सोवळं नेसून पाटावर बसलेला, हातात पळी. फोन वाजतच राहणार आणि रिक्षात बसलेला पाहुणा गोंधळणार. पूजेला न बसणाऱ्या, गेटपाशी उभं राहू शकणाऱ्या माणसाचा नंबर हवा. आमचा धाकटा भाऊ, म्हणजे त्याचा मामा, तयार झाला.

निमंत्रकांच्या यादीवर मात्र भाचा अडला. काकांचं नाव नसेल तर ते बोलणार, म्हणाला. ते खरंच बोलले असते, आणि त्यांचं चुकलंही नसतं. म्हणून सतराही नावं व्हिडिओसोबत जाणाऱ्या लेखी निरोपात, मानाने, वडीलकीच्या क्रमाने घातली. व्हिडिओत फक्त तिघं: तो, सूनबाई आणि ताई.

तर हा नवा मजकूर. सुरुवातीची तीन नावं आणि इमारतीचं नाव इथे छापत नाही.

"नमस्कार. अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर नऊ घरं बदलली. दहावं घर आमचं स्वतःचं आहे, बदलापूरला. त्याची वास्तुशांत रविवारी, बावीस फेब्रुवारीला. तुम्ही साडेअकरानंतर या. जेवण साडेबारा ते अडीच. बदलापूर स्टेशनला पश्चिमेकडे उतरा, रिक्षाने दहा मिनिटं. पाण्याच्या टाकीसमोरचं गेट, बी विंग, सातवा मजला, सातशे तीन. वाट चुकलात तर खालच्या नंबरवर आमच्या मामाला फोन करा. आहेर आणू नका."

आणि शेवटी ताईच्या आवाजात: "सामान बांधायची खोकी परवा रद्दीत घातली. आता या, आणि जेवूनच जा."

नावं धरून सत्तरच्या आसपास शब्द. 'येत्या रविवारी' मुद्दाम लिहिलं नाही. व्हिडिओ कुणाकुणाच्या हातून पुढे जात आठवड्याने पोचतो, तेव्हा येता रविवार कुठला ते कळत नाही. 'पश्चिमेकडे उतरा' मात्र हवंच. पूर्वेला उतरलेल्या माणसाला पुन्हा पूल चढून पलीकडे यावं लागतं, आणि येणाऱ्यांत गुडघेदुखीची मंडळी बरीच.

आवाज भाच्याने स्वतःच्याच फोनवर दिला, खिडक्या आणि पंखा बंद करून. ताईने तिचं वाक्य तीनदा म्हटलं. पहिल्या दोन वेळा ती लिहिलेलं वाचत होती, ते वाचल्यासारखंच ऐकू येत होतं. तिसऱ्यांदा कागद मी काढून घेतला. सनई ठेवली, पण बोलणं सुरू झालं की ती जवळजवळ ऐकू येणार नाही इतकी खाली आणायला लावली. अक्षरं पांढऱ्यावर काळी, जाड, एका पाटीवर दोनच ओळी. व्हॉट्सअ‍ॅपवरून जाताना व्हिडिओ दाबला जातो आणि सोनेरी नाजूक अक्षरं आधी फाटतात. शेवटच्या पाटीवर तारीख, वेळ, पत्ता, नंबर सगळं एकत्र, आठ सेकंद स्थिर. तेवढ्यात स्क्रीनशॉट काढता येतो, आणि बहुतेक लोक तोच जपून ठेवतात.

मग दोनदा तपासला. एकदा आवाज पूर्ण बंद करून, कारण गाडीत, ऑफिसात माणसं तसाच बघतात. एकदा फोन पालथा ठेवून, कारण आमच्या काकूंना अक्षरं दिसत नाहीत, त्या ऐकतात. दोन्ही वेळा सगळं कळलं पाहिजे. पालथ्या फोनच्या परीक्षेत एक गोष्ट सापडली. फ्लॅटचा नंबर पाटीवर होता, भाचा बोलताना विसरला होता. तो पुन्हा बोलून घेतला.

व्हिडिओतल्या पत्त्यावर बोट ठेवून नकाशा उघडत नाही, म्हणून लोकेशन लेखी निरोपात गेलं. भाच्याने ते सातव्या मजल्यावरच्या खोलीत बसून काढलं होतं. मी ते माझ्या एका मैत्रिणीला पाठवलं, तिने ते घर पाहिलेलं नाही. तिला नकाशाने मागच्या गल्लीत नेऊन सोडलं, तिथे नुसती भिंत. मग भाचा खाली जाऊन गेटपाशी उभा राहिला आणि तिथून नवं काढलं.

एक गोष्ट मुद्दाम दोन्हीकडे घातली नाही: मेगाब्लॉक. रविवार आहे, मध्य रेल्वे आहे, म्हणजे तो असू शकतो, पण कुठून कुठे आणि किती ते किती, हे दोन दिवस आधी जाहीर होतं. बदलू शकणारी कुठलीच गोष्ट व्हिडिओत घालू नये, तो एकदा गेला की परत घेता येत नाही. शनिवारी संध्याकाळी सगळ्यांना एक छोटा निरोप जाईल, त्यात ब्लॉकची वेळ आणि त्याच्या आधीची सोयीची गाडी. तो मीच लिहिणार आहे.

व्हिडिओ बुधवारी रात्री गेला. गुरुवारी सकाळी गिरगावातून काकूंचा फोन. वय ब्याऐंशी. त्यांनी पत्ता विचारला नाही, वेळ विचारली नाही. साडेअकरानंतर यायचं, पश्चिमेकडे उतरायचं, आहेर आणायचा नाही, सगळं त्यांनीच मला सांगितलं. ताईचं वाक्य दोनदा ऐकलं म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "सातवा मजला म्हटलंय ना गं? लिफ्ट चालू झालीय का?"

मी भाच्याला फोन लावला. लिफ्ट चालू आहे, दोन आहेत, वीज गेली तर जनरेटरही आहे. आमच्या दोघांच्याही डोक्यात ते आलंच नव्हतं. लेखी निरोपात पत्त्याच्या खाली आता एक ओळ वाढली आहे आणि तो पुन्हा सगळ्यांना गेला आहे.