हसू येतं, पण कुणावर?

जुना राजकीय विनोदी सिनेमा घरी लावला की मुलं हमखास विचारतात, "यातला हा साहेब खरा कोण होता?" ते ठाऊक नसेल तर गंमत कळणारच नाही, असं त्यांना वाटतं. कुंदन शाह यांचा १९८३ चा 'जाने भी दो यारो' मुलांबरोबर बसून पाहा. तसं काही नसतं, हे लक्षात येईल.

गोष्ट मुंबईची. विनोद आणि सुधीर या दोन गरीब छायाचित्रकारांच्या हाती, बिल्डर तर्नेजाने आयुक्त डिमेलोचा खून केल्याचा पुरावा लागतो.

डिमेलोच्या गौरवाचं गटारांवरचं भाषण आठवा. देशाची प्रगती गटारांवरून ओळखावी, असं तो म्हणत असे, हे त्यात गंभीरपणे सांगितलं जातं. मेल्यावर त्याचा गौरव होतो तोही गटारांसाठी जगलेला माणूस म्हणून. गटार म्हणजे आपली वऱ्हाडातली नालीच. वस्तू एवढीशी आणि शब्द डोंगराएवढे, ही उपहासाची पहिली खूण. असं भाषण ज्याने एकदा ऐकलंय, त्याला डिमेलो कोण हे सांगावं लागत नाही.

दुसरी खूण म्हणजे, भलतंच घडतं आणि पडद्यावर कुणालाच नवल वाटत नाही. शेवटाकडे डिमेलोचं प्रेत महाभारताच्या नाटकात द्रौपदी बनून उभं राहतं. त्याच्या ओढाताणीत मधेच सलीम-अनारकलीचा दरबार घुसतो. आंधळा धृतराष्ट्र पुन्हा पुन्हा विचारतो, काय चाललंय? त्याला धड उत्तर कुणी देत नाही. इथे वस्त्रहरणाची कथा तेवढी माहीत हवी. वर्तमानपत्राची गरज नाही.

तिसरी खूण शेवटात सापडते. साध्या विनोदी सिनेमात गोंधळ मिटतो आणि सगळे सुखी होतात. इथे बिल्डर, अधिकारी आणि संपादिका आपसात जुळवून घेतात, आणि पूल कोसळल्याचा आळ त्या दोघांवर येतो. कैद्यांच्या कपड्यांत ते रस्त्याने चालतात, मागे शाळाशाळांत म्हटलं जाणारं आशेचं गाणं वाजतं. ते आपल्याकडे बघून गळा कापल्याची खूण करतात, आणि इतका वेळ आपण हसत होतो ते कुणावर, हे तिथे कळतं.

मग पार्श्वभूमीचा उपयोग काय? त्या काळी सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. सिमेंट वाटपाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाच्या निकालानंतर मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जानेवारी १९८२ मध्ये राजीनामा दिला होता. सिनेमा त्या प्रकरणाची गोष्ट सांगत नाही, पण बिल्डर आणि साहेबांची जवळीक तेव्हाच्या प्रेक्षकाला अधिक झोंबली असणार.

काही गमती मात्र किल्लीशिवाय उघडत नाहीत. बागेचं नाव 'अंतोनियोनी पार्क' का, हे 'ब्लो-अप' हा सिनेमा करणाऱ्या इटालियन दिग्दर्शकाचं नाव ठाऊक असेल त्यालाच कळतं. त्यातही बागेत काढलेल्या छायाचित्रातून खुनाचा सुगावा लागतो. ही गंमत हुकली तरी गोष्ट अडत नाही. म्हणून पहिल्यांदा सिनेमा मधे न थांबवता पाहू द्या. मुलांचे प्रश्न नंतर येतीलच, तेव्हा १९८२ सांगा.